पाव मिलिग्रॅम

आमच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी घोकली. पुढे दशमान पद्धत आली, आणे-पैसे गेले, शेर-मापटी गेली, आणि ही सारी पाढ्यांची जुनी वतनदारी मोडीत निघाली. मी स्वतः पस्तीस वर्षे गणित शिकवले. परंतु पावकीचा उपयोग म्हातारपणी, तोही नातवाच्या औषधासाठी होईल, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. रिस्पेरिडोन या औषधाची लहान मुलांमधील सारी चाल पावकीची आहे. पाव मिलिग्रॅमने आरंभ करावयाचा, मग अर्धा, मग पाऊण, मग एक. आणि दर पायरीवर थांबून मुलाकडे पाहावयाचे. इंग्रजी पद्धतीने लिहिलेल्या ०.२५ आणि २.५ या दोन आकड्यांत केवळ एका टिंबाची जागा बदलते व मात्रा दसपट होते. ‘पाव’ आणि ‘अडीच’ या दोन शब्दांत मात्र गोंधळ होणे अशक्य आहे. म्हणून आमच्या घरातल्या वहीत मात्रा पहिल्यापासून अक्षरी लिहिली जाते.

आम्ही निपाणीचे. कोल्हापूर उत्तरेस चाळीसेक किलोमीटर, बेळगाव दक्षिणेस पाऊणशे. घरात मराठी, दारात कन्नड, आणि माझी पत्नी कारवारची असल्यामुळे माजघरात कोंकणी, असा आमचा संसार आहे. नातवाने या तीनही भाषांतून थोडे थोडे शब्द उचलले आहेत; परंतु ते तो फारसे वापरीत नाही. चवथ्या वर्षी बेळगावास त्याच्या स्वमग्नतेचे निदान झाले. त्याविषयी येथे मला फार लिहावयाचे नाही. तो पंख्याकडे तासन् तास पाहतो, ओळीने चिरमुरे मांडतो, त्याच वाटेने शाळेत जावयाचा हट्ट धरतो, यात कोणाचे काही बिघडत नाही, आणि त्यासाठी औषधही नाही. रिस्पेरिडोन स्वमग्नता घालवीत नाही, बोलावयास लावीत नाही, नजरेला नजर मिळवावयास शिकवीत नाही. ज्यांना हे कोणी आधी सांगत नाही, त्यांची पुढे मोठी निराशा होते.

प्रश्न निराळा होता. आठवे वर्ष सरता सरता त्याला चिडीचे असे झटके येऊ लागले, की त्यांपुढे आम्ही सारे हतबल झालो. दिवसातून पाच-सहा वेळा तो किंचाळत जमिनीवर अंग टाकावयाचा, स्वतःच्या मनगटाला चावावयाचा. त्या मनगटावर कातडे जाड होऊन घट्टा पडला होता. सुनेच्या दंडावर दातांचे वळ असत. थोरली नात अभ्यासाला शेजारी जाऊन बसू लागली. शाळेने ‘काही दिवस घरीच ठेवा’ असा निरोप पाठविला. त्या ‘काही दिवसां’ना शेवट नव्हता.

बेळगावच्या ज्या डॉक्टरीणबाई त्याला पाहत असत, त्यांनी लगेच औषध लिहून दिले नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ज्या मुलाला ‘माझा दात दुखतो’ हे सांगता येत नाही, ते मूल दात दुखला म्हणून चावते, हे त्यांचे पहिले सूत्र. दाढ, कान, पोट, झोप, या चार गोष्टी त्यांनी क्रमाने तपासल्या. खालची एक दाढ किडलेली निघाली आणि बद्धकोष्ठ तर बरेच दिवसांचे होते. दोन्हींवर उपचार झाले. मग त्यांनी दोन आठवडे एक टाचण ठेवावयास सांगितले: झटक्यापूर्वी काय घडले, झटक्यात त्याने काय केले, आणि त्यानंतर आपण काय केले. त्या टाचणावरून असे दिसले की निम्मे झटके मिक्सरच्या आवाजाने किंवा ठरलेली गोष्ट अचानक बदलल्याने येतात. आणि काही झटक्यांनंतर आम्हीच त्याला गप्प करण्यासाठी बिस्किट देतो. मिक्सर मागच्या पडवीत गेला. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावला. झटके कमी झाले, पण थांबले नाहीत. चावणे तर मुळीच थांबले नाही.

या झटक्यांचे मोजमाप करण्याचे एक साधन आहे. ‘अॅबरंट बिहेवियर चेकलिस्ट’ असे त्याचे नाव. त्यातील चिडखोरपणाच्या भागात पंधरा प्रश्न आहेत. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे जास्तीत जास्त पंचेचाळीस. ज्या मोठ्या अमेरिकन प्रयोगावर या औषधाची प्रतिष्ठा उभी आहे, त्यात अठरा किंवा अधिक गुण असलेलीच मुले घेतली होती. आमच्या नातवाचे गुण दाढ व पोट सुधारल्यानंतरही एकतीस होते. मास्तराला गुणांचे वेड असते असे म्हणतात. परंतु हा आकडा नसता तर पुढे ‘थोडे बरे वाटते आहे’ आणि ‘खरोखर बरे आहे’ यांतला फरक आम्हांला कळला नसता.

रिस्पेरिडोन हे बेल्जियममधील यान्सेन या औषधशाळेचे अपत्य. १९९३ साली अमेरिकेत ते प्रौढांच्या स्किझोफ्रेनियासाठी मान्य झाले. मुलांच्या बाबतीत निर्णायक ठरला तो २००२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. पाच ते सतरा वर्षांची १०१ स्वमग्न मुले. त्यांपैकी एकोणपन्नासांना आठ आठवडे हे औषध व बावन्नांना दिसावयास तसेच, पण औषध नसलेले द्रव्य दिले. पहिल्या गटातील शेकडा ६९ मुले स्पष्टपणे सुधारली, दुसऱ्या गटातील शेकडा १२. वैद्यकात इतके मोठे अंतर क्वचित दिसते. परंतु त्याच निबंधात दुसरेही दोन आकडे आहेत, आणि ते तितक्याच लक्षपूर्वक वाचावयास हवेत: आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचे वजन सरासरी २.७ किलो वाढले, न घेणाऱ्यांचे ०.८ किलो. २००६ साली अमेरिकेने पाच ते सोळा वर्षांच्या स्वमग्न मुलांच्या चिडखोरपणासाठी या औषधास मान्यता दिली. त्याच वर्षी चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरांचा प्रयोग छापून आला. त्यात चाळीस भारतीय मुले होती, काही तर अवघी दोन-तीन वर्षांची, आणि मात्रा रोज केवळ एक मिलिग्रॅम. तेथेही चिडखोरपणा कमी झाला आणि तेथेही वजन वाढले. तेव्हा एका हाताने काय मिळते व दुसऱ्या हाताने काय द्यावे लागते, हे औषध सुरू करण्यापूर्वीच ठाऊक होते.

जून २०२२ मध्ये डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. “आजोबा, तुम्ही मास्तर आहात, तर हिशेब तुम्हीच ठेवा,” असे म्हणून त्यांनी मात्रेचे गणित समजावून दिले. नियम वजनाचा आहे, वयाचा नव्हे. वीस किलोच्या आतील मुलास रोज पाव मिलिग्रॅमने आरंभ, वीस किलो व अधिक असल्यास अर्ध्याने. किमान चार दिवसांनी ती दुप्पट करता येते; मग निदान चौदा दिवस तेथेच थांबावयाचे. त्यानंतरही वाढवावयाची झाली तर लहानास पावाने, मोठ्यास अर्ध्याने, आणि प्रत्येक पायरीवर पुन्हा दोन आठवडे. आमचा नातू बावीस किलोचा, म्हणजे अर्ध्याच्या बाजूचा, तथापि सीमेजवळचा. सीमेवरच्या माणसांनी कोणत्या बाजूचे व्हावे हा प्रश्न आमच्या भागात नवा नाही! बाईंनी खालची बाजू घेतली आणि रात्री पाव मिलिग्रॅम लिहिले. यामागे त्यांचे कारण साधे होते. जी मुले या औषधाने फार गुंगतात किंवा ताठरतात, ती अगदी थोड्या मात्रेवरही ते दाखवितात; आणि ज्यांना थोडक्यात गुण येतो, त्यांना अधिक देऊन भूकच तेवढी वाढते. आरंभ उणा असला तर मागाहून वाढविता येते. मात्र मुलाने एकदा औषधाची धास्ती घेतली, की बाटली पाहूनच तो दार लावून घेतो, आणि मग पुढचे सारे अवघड होते.

औषध पातळ स्वरूपात होते: एका मिलिलिटरात एक मिलिग्रॅम. म्हणजे पाव मिलिग्रॅमसाठी पाव मिलिलिटर, पाच थेंबांच्या आसपास. येथे एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. दुसरी बाटली ज्या दुकानातून आणली, तेथील माणसाने पुड्यावर ‘रात्री पाव चमचा’ असे लिहून दिले. त्याच्या मनात वाईट काही नव्हते; पाव हा शब्द त्याने ऐकला आणि पुढचे माप सवयीने जोडले. परंतु औषधाचा चमचा पाच मिलिलिटरांचा असतो. त्याचा पाव म्हणजे सव्वा मिलिलिटर, म्हणजेच सव्वा मिलिग्रॅम. ठरलेल्या मात्रेच्या पाचपट. सुनेने पुडा माझ्यापुढे धरला आणि विचारले, “मामंजी, हे बरोबर आहे का?” तो पुडा मी फाडून टाकला नाही, त्याच्यावर मोठ्या अक्षरांत ‘चमचा नव्हे’ असे लिहून भिंतीला चिकटविला. पावकी कितीही पाठ असली, तरी पाव कशाचा, हे ठरविल्यावाचून तिला अर्थ नाही. तेव्हापासून आमच्याकडे सुई नसलेली एक मिलिलिटरची सिरिंज वापरतात. तिच्यावरची पावाची रेघ नातीने तांबड्या शाईने रंगविली आहे.

दुसरी एक गोष्ट आमच्या भागातील घराघरांना सांगण्याजोगी. कडू औषध चहातून देण्याची आपली रीत आहे. हे पातळ औषध चहात घालू नये; चहाशी व कोला पेयांशी त्याचे जमत नाही, असे मूळ औषधाच्या माहितीपत्रकातच दिलेले असते. पाण्यातून किंवा साय काढलेल्या दुधातून चालते. आमच्या नातवाला दूध पांढरे असल्यामुळे प्रिय, म्हणून तो प्रश्न सुटला.

आठव्या दिवशी पावाचा अर्धा झाला. पहिल्या आठवड्यात तो सकाळी जडपणे उठे, दुपारी पुन्हा पेंगे. ते पुढे ओसरले. तिसऱ्या आठवड्यात सुनेने सांगितले की मनगटाचा घट्टा मऊ पडला आहे. चवथ्या आठवड्यात अर्ध्याचा पाऊण केला, सकाळी पाव व रात्री अर्धा. गुण एकतिसांवरून बाविसांवर आले होते. आठव्या आठवड्यास ते चौदा झाले. झटके उरले, पण पाच-सहांऐवजी दिवसाआड एखादा. आणि चावणे संपले. शाळेचे ‘काही दिवस’ही संपले. बाईंनी मात्रा पाऊणवरच रोखली. आपल्याला एक मिलिग्रॅमपर्यंत जाता आले असते, परंतु जाण्याचे कारण उरले नाही, असे त्या म्हणाल्या.

दरम्यान दुसरा रकाना भरत होता. भूक दुसऱ्याच आठवड्यात आली. ती नेहमीची भूक नव्हती. जेवून उठलेला मुलगा पाच मिनिटांत पुन्हा ताटावर येऊन बसे. पत्नी त्याला विचारी, “पोट भरलें रे तुजें?” आणि तो रिकामी वाटी पुढे करी. त्याला दोष देणे अन्यायाचे झाले असते. हे औषध डोपामिनच्या ग्राहींना अडवून खवळलेपण शमविते. परंतु जाता जाता हिस्टामिन व सिरोटोनिन यांच्या काही ग्राहींनाही अडविते, आणि ‘आता पुरे’ ही जी आतली सूचना तुम्हांआम्हांला मिळते, ती त्यामुळे मंदावते. स्वमग्न मुलाला शरीराच्या आतल्या सूचना आधीच नीट उमगत नाहीत. मग वाटी पुढे येणार नाही तर काय होईल?

वजन करणे ही दिसावयास सोपी गोष्ट. परंतु निपाणीच्या माणसाला विचारा! येथील वखारींतून तंबाखूचे बोद ज्यांनी मोजले आहेत, त्यांना ठाऊक असते की हवेतली ओल लागली की तोच बोद जड भरतो. म्हणून वजन कोणत्या वेळी केले हे विचारल्याशिवाय शहाणा व्यापारी आकडा मानीत नाही. मुलाचेही तसेच आहे. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी, शौचाहून आल्यावर व खाण्यापूर्वी, केवळ चड्डीवर, त्याच काट्यावर आणि काटा फरशीच्या त्याच चौकोनावर ठेवून वजन होते. उंची दर तीन महिन्यांनी भिंतीशी टाचा टेकवून. कंबरेचा घेर शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, त्याने श्वास सोडल्यावर. ही तीन मापे घेण्यास पाच मिनिटे लागतात, पैसा लागत नाही, आणि रक्ताच्या तपासणीपेक्षा तीच अधिक लवकर बोलतात.

आरंभी वजन २२ किलो, उंची १२२ सेंटिमीटर, घेर ५३. चवथ्या आठवड्यास २३, आठव्यास २४, बाराव्यास २४.८. या वयाचे मूल वर्षाला दोन-अडीच किलोने वाढते, म्हणजे तीन महिन्यांत सहाशे ग्रॅम धरावे. वाढले २.८ किलो. त्यातून नैसर्गिक वाढीचे सहाशे ग्रॅम वजा केले तर सव्वादोन किलो औषधाच्या खाती जमा होतात. परंतु वाढत्या मुलाच्या बाबतीत निव्वळ किलो फसवे असतात. त्यासाठी वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे लागते. आरंभी तो भागाकार १४.८ होता, बारा आठवड्यांनी उंची दीड सेंटिमीटर वाढूनही १६.३. तो आकडा भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ सालच्या तक्त्यावर टिपावयाचा असतो. हे तक्ते तयार करण्यात पुण्याच्या खाडीलकर दांपत्याचा मोठा वाटा आहे; आणि त्यांत अतिवजनाची रेषा प्रौढाच्या तेवीस या आकड्याशी जुळवून घेतली आहे, कारण आपल्या लोकांना पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनावरच मधुमेह गाठतो. नातवाचा ठिपका त्या रेषेच्या खालीच होता. पण तो आपली जुनी वाट सोडून वरच्या वाटेला लागला होता, आणि बाईंचे बोट त्या वाट सोडण्यावर होते. रेषा ओलांडेपर्यंत थांबणारा उशिरा जागा होतो, असे त्यांचे मत. या औषधाने येणारे वजन बहुतांशी पहिल्या दोन-तीन महिन्यांत येते, म्हणून त्या काळातील मापे सर्वांत महत्त्वाची.

रक्ताची तपासणी औषधापूर्वी एकदा, तीन महिन्यांनी एकदा, आणि मग सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. उपाशीपोटीची साखर व रक्तातील चरबी. आता आठ तास उपाशी असलेल्या, भुकेने व्याकूळ झालेल्या अशा मुलाला घेऊन पाऊणशे किलोमीटर बेळगावास जाणे म्हणजे काय, हे ज्याने केले नाही त्याला कळणार नाही. आम्ही ते केले नाही. निपाणीतच सकाळी सात वाजता, दंडावर आधी तासभर बधिर करणारे मलम लावून, रक्त दिले आणि आकडे घेऊन बेळगावास गेलो. जेथे उपाशी ठेवणे अगदीच अशक्य, तेथे साखरेसाठी एचबीएवनसी ही तपासणी चालते. तिला उपवास लागत नाही. आमच्या नातवाची साखर ८२ वरून ८८ झाली, म्हणजे काहीच नव्हे. परंतु ट्रायग्लिसराइड नावाची चरबी ७० वरून ११८ वर गेली. दहा वर्षांच्या आतील मुलात शंभराच्या वर ती अधिक धरतात. घेरही ५७ झाला होता. साखर शांत असताना चरबी आधी हलली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तेव्हा बाईंनी आम्हांला विचारले की घरात तो काय खातो. यादी लहान होती: चिरमुरे, बिस्किटे, साखर घातलेली चपाती, दूधभात, आणि पाहुणे आले की कुंदा. सारे पांढरे किंवा पांढऱ्याच्या जवळचे. स्वमग्न मुलांच्या आवडी अशा रंगावर व खुसखुशीतपणावर अडतात. त्याला एकदम पालेभाजी वाढली असती तर ती भिंतीवर गेली असती. म्हणून पदार्थ काढून घेण्याऐवजी ज्यांची अदलाबदल त्याला चालेल तेवढीच केली. साखरेची चपाती ज्वारीच्या भाकरीकडे सरकली, कारण भाकरी पांढरी असते. दोन महिने लागले, रोज चतकोर चतकोर. गोड दुधाची जागा बिनसाखरेच्या ताकाने घेतली. बिस्किटांचा डबा फडताळातून शेजाऱ्यांकडे गेला. डोळ्यांआड झालेली वस्तू तो मागत नाही, हा त्याच्या स्वभावाचा आम्हांला झालेला लाभ. भिंतीवरच्या चित्रांत पाच खाणी आली: पाच ताटे, पाच घड्याळे. ताट रिकामे झाले की वाळूचे घड्याळ उलटे करावयाचे. वीस मिनिटांनी वाळू संपल्यावर तो पुन्हा आला तर काकडी किंवा ताक. बहुतेकदा वाळू पाहण्यातच तो भूक विसरे. आणि हे सारे घरातल्या सर्वांसाठी. एकाला ताक व चौघांना कुंदा असे चालत नाही. माझा स्वतःचा कुंदा सुटला, याची नोंद बाईंनी कागदावर केली नाही, पण येथे मी ती करतो.

एक गोष्ट मात्र आमच्या कोणाच्याच ध्यानात येण्याजोगी नव्हती. ती नातीने पकडली. ज्या ताईंकडे तो आठवड्यातून चार दिवस बोलण्याचे व बसण्याचे शिक्षण घेण्यास जाई, तेथे प्रत्येक बरोबर कृतीला चॉकलेटची गोळी मिळत असे. तासाला तीस-पस्तीस गोळ्या! ही पद्धत जगभर आहे आणि तिच्यात ताईंचा दोष नाही. परंतु जे औषध भूक वाढविते त्याच्या जोडीला असे बक्षीस चालू ठेवणे म्हणजे एका हाताने पाणी उपसून दुसऱ्या हाताने ओतणे. आम्ही सांगताच त्यांनी गोळीच्या जागी भोवरा ठेवला. फिरणाऱ्या वस्तूपुढे चॉकलेटची काय किंमत?

डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे सहा महिने पुरे झाले तेव्हा, वजन २५.४, उंची १२५, भागाकार पुन्हा १६.३, चरबी ९६. वजन घटले नव्हते. वाढत्या मुलाचे ते घटावे असा आग्रहही नव्हता. उंची पुढे गेली आणि वजन तिच्या मागोमाग चालू लागले, एवढेच हवे होते. याने भागले नसते तर मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा मार्ग होता. अशी औषधे घेणाऱ्या स्वमग्न मुलांवर तिचा प्रयोग झाला असून त्याचा निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला; वजनाच्या वाढीला तिने काहीसा आळा घातला. परंतु तिने काही मुलांचे पोट बिघडते, आणि ज्याचे पोट बिघडले की मन बिघडते अशा मुलाला ती देताना बाई कचरत होत्या. ती द्यावी लागली नाही.

आता प्रश्न उरला तो औषध किती दिवस, याचा. सुनेला ते लगेच बंद व्हावेसे वाटे. मुलाला मात्र ते बंद करण्याचीच धास्ती. २००२ च्या प्रयोगातील मुलांचाच पुढील अभ्यास २००५ साली छापून आला. सहा महिने औषधावर बरे असलेल्या बत्तीस मुलांपैकी सोळांचे औषध दर आठवड्याला चतुर्थांशाने उतरवीत बंद केले, सोळांचे चालू ठेवले. बंद केलेल्यांपैकी दहा मुले पुन्हा पूर्वपदावर गेली, चालू ठेवलेल्यांपैकी दोन. मी हे आकडे सुनेपुढे व मुलापुढे ठेवले. दहा गेली हे मुलाने पाहिले. सहा राहिली हे सुनेने. दोघेही बरोबर होते, आणि म्हणूनच प्रयत्न करून पाहण्याचे ठरले. मात्र एकदम बंद करावयाचे नाही. तसे केल्यास झोप उडते, मळमळते, हातापायांच्या चमत्कारिक हालचाली होतात, आणि मूळचा चिडखोरपणा परतला की औषध सुटल्याचा तो त्रास, हे ओळखता येत नाही.

जून २०२३ मध्ये, वजन २६.६ व उंची १२८ असताना, पाऊणचा अर्धा केला. महिनाभर वाट पाहिली. गुण चौदाचे पंधरा झाले, पुन्हा तेरा झाले. जानेवारी २०२४ मध्ये अर्ध्याचा पाव केला. दोन आठवडे काही झाले नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याने मनगट तोंडाशी नेले. पाचव्यात गुण चोवीस. या वेळी दाढ, पोट, कान, झोप पुन्हा तपासली, काही नव्हते. मात्रा अर्ध्यावर परत आणली आणि तीन आठवड्यांत तो शांत झाला. म्हणजे या मुलाची आजची गरज अर्धी आहे, पाव नव्हे व पाऊणही नव्हे, एवढे आम्हांला कळले. ते पुस्तकात लिहिलेले नव्हते.

वहीचे काम नातीने हाती घेतले आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी ती त्याला खोलीत चालावयास लावते आणि हात मोकळे हलतात की नाही ते पाहते. जीभ बाहेर काढावयास सांगते, आणि ओठांची चाळवाचाळव आहे काय हे लिहिते. मान एकाएकी वाकडी झाली किंवा डोळे वर चढले तर वही बाजूला ठेवून तत्काळ दवाखाना गाठावयाचा, हे पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात आहे. तो आता वयात येण्याच्या उंबरठ्यावर आहे. हे औषध प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढविते, त्याने मुलग्यांच्या छातीला सूज येऊ शकते, आणि तसे दिसल्यास त्या संप्रेरकाची तपासणी करावी लागते, असे बाईंनी गेल्या खेपेस सांगितले. त्यासाठी नातीने वजन, उंची व घेर यांच्या पुढे चवथा रकाना आखला आहे. तो सध्या कोरा आहे.